४४व्या नमुन्याला काय होतं: निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

«सर, तुमचा लेख चुकलाय. cos(5πn/6) चा आवर्तकाल 2π/ω म्हणजे २.४ येतो. तो पूर्णांक नाही, मग सिग्नल आवर्ती कसा? तुम्ही १२ कुठून आणलात? आणि cos(n) आवर्ती नाही म्हणता, पण माझ्या कॅल्क्युलेटरवर cos(44) = 0.9998 येतं. म्हणजे ४४ हाच आवर्तकाल ना?»

पहिला घोळ 2π/ω नं केलाय. ते सूत्र सलग चालणाऱ्या काळासाठी आहे. इथे n म्हणजे नमुन्याचा क्रमांक, तो पूर्णांकच असतो, आणि ω म्हणजे दर नमुन्यामागे वाढणारा कोन.

समजा, बेळगाव स्टँडवरून खानापूरची बस बरोबर १२ वाजल्यापासून दर २५ मिनिटांनी सुटते (सुटते असं समजा, एवढंच!). प्रत्येक बस सुटताना मिनिटकाटा कुठे आहे, तेवढंच आपण टिपतो. दोन बसमध्ये काटा २५/६० म्हणजे ५/१२ फेरा फिरतो, म्हणजेच 5π/6 रेडियन. एक फेरा २.४ बसमध्ये पुरा होतो हे खरं, पण २.४ क्रमांकाची बस नसते. काटा पुन्हा १२ वर असताना बस सुटायची तर १२ बसची वाट पाहावी लागते. तोवर ५ तास होतात आणि काट्याचे ५ फेरे. म्हणून ω/2π = 5/12 मधला छेद हा आवर्तकाल, आणि अंश म्हणजे तेवढ्यात झालेले फेरे.

अपूर्णांक आधी संक्षिप्त मात्र करा. बस दर ४० मिनिटांनी असेल तर ८/१२ वर थांबून १२ लिहाल. बारा बसनंतर काटा जागेवर येतो हे खरंच, पण तो तिसऱ्याच बसला आलेला असतो. २/३, म्हणून मूळ आवर्तकाल ३.

आता cos(44). ही हरकत मला आवडली. इथे ω = 1, म्हणून ω/2π = 1/2π. आवर्तकाल N असायचा तर N = 2πm हवं, दोन्ही पूर्णांक. π अपरिमेय असल्यामुळे असं कधीच होत नाही. मग 0.9998 का आलं? शाळेतल्या २२/७ मुळे! π साधारण २२/७, म्हणून ७ फेरे साधारण ४४. खरे ७ फेरे ४३.९८२३ रेडियनचे, म्हणजे दर ४४ नमुन्यांमागे ०.०१७७ रेडियन जास्त होतात. एकदा ते दिसत नाही, पण साचत जातं. ४४ आवर्तकाल असता तर cos(4400) सुद्धा 1 आलं असतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून बघा: −0.198 येतं.

म्हणून कॅल्क्युलेटरवर आकडा 1 च्या जवळ आला, एवढ्यावर निकाल देऊ नका. ω/2π कागदावर मांडा. π नुसता दिसला म्हणूनही भुलू नका. cos(√2πn) मध्ये π कटून √2/2 उरतो, तोही अपरिमेयच.