गॅदरिंगचं निवेदन कुणी लिहायचं?

आत्ताच भाचीच्या मुलीच्या शाळेचं गॅदरिंग बघून आले आणि डोकं इतकं तापलंय की जेवायच्या आधी हे लिहायला बसले.

मुलं छान नाचली. नाटिकाही बरी होती. पण निवेदन! सातवीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी, दोघांच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये कुठून तरी उतरवून घेतलेलं सूत्रसंचालन. प्रत्येक नाचाआधी एक चारोळी. फुलं, तारे, चंद्र, पुन्हा फुलं. चारोळी संपली की "यानंतर सादर होत आहे" आणि "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत". सावित्रीबाईंच्या प्रतिमेचं पूजन झालं तेव्हाही चारोळी, तीही पणती आणि वातीची, कुणालाही चालेल अशी. अरे, 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, एवढं एक वाक्य त्या मुलीच्या तोंडून आलं असतं तर पुरे होतं. समोर शंभरेक मुली बसल्या होत्या.

तेही सोसलं असतं. पण मावळ्यांच्या नाचात एक जरा अंगानं भरलेला मुलगा होता. तो विंगेतून बाहेर येताना निवेदक म्हणाला, "स्टेज सांभाळा, आमचा भीम येतोय." सगळा मांडव हसला. शिक्षक हसले. आणि तो मुलगा पूर्ण गाणंभर मागच्या रांगेत, मान खाली घालून, हात अर्धेच उचलत नाचला. मी त्याच्याकडेच बघत होते. बोलणाऱ्या मुलाचा मला राग नाही, त्याच्या हातात जे दिलं ते त्यानं वाचलं. दिलं कुणी? आणि देण्याआधी ते एकदा तरी वाचलं का?

मी शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा गॅदरिंगचं निवेदन माझ्याकडे असायचं. तेव्हाची एक आठवण आज दिवसभर डोक्यात घोळतेय. सांगली जिल्ह्यातली शाळा, आठवीतली मुलगी निवेदनाला, आवाज लहान पण शब्द स्वच्छ. बाराखडी मोठ्यानं म्हणवून निवड केली होती, पाठांतर बघून नाही. तिला मी पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं करून दिली होती. एका कार्यक्रमाला एक कार्ड, वर कोपऱ्यात नंबर, ठळक अक्षर, आणि दोऱ्यानं बांधलेली, म्हणजे हातातून सुटली तरी क्रम मोडत नाही. प्रत्येक कार्डावर चार-पाच ओळी, त्याहून जास्त नाही. मुलं मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचतात. पुढचा गट उभा राहायला अर्धं मिनिट लागत असेल तर पन्नास शब्द हवेत, दीडशे नकोत. दीडशे लिहिले की पडद्यामागे मुलं पोज घेऊन थरथरत उभी राहतात.

आणि शेवटची तीन कार्डं जादा. नंबर नसलेली. ती कशासाठी, ते त्या रात्री कळलं.

लेझीमचा नंबर आला आणि पथकाचे फेटे बांधून झाले नव्हते. सोळा मुलं, फेटे बांधणारे दोघं. एक फेटा नीट बसायला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणजे सगळं पथक तयार व्हायला वीस मिनिटं धरा. आम्ही दहा धरली होती. पुढचा नाच आधी घ्यावा तर त्यात यातलीच चार मुलं. मी विंगेतून हातानं खूण केली, वेळ ताण. दुसरी कुणी असती तर "थोड्याच वेळात" म्हणत राहिली असती. हिनं जादा कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं: लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत चकत्या, आणि 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनाला आपल्या सांगलीकडचं पथक लेझीम खेळलं होतं. तिनं ते वाचलं आणि मग कार्ड खाली करून विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी शाळेत असताना लेझीम कोण कोण खेळलंय? हात वर करा." धोतर-टोपीवाले आजोबा लोक हात वर करायला लागले. एक जण तर उठून स्टेजजवळच आले. तिनं लेझीम त्यांच्या हातात दिली, हलगीवाल्यानं हलगी धरली, आणि म्हातारा खेळला!

तोवर फेटे झाले. तिच्या कार्डावर पुढची ओळ दुसरीच होती, पण ती म्हणाली, "आजोबांनी सुरुवात करून दिलीय, आता नातवंडं पुढं नेतील." एवढंच. पथक आत आलं. लोकांना वाटलं हे सगळं ठरवूनच केलंय.

दोन कार्यक्रमांमधल्या निवेदनाला मी जोड म्हणते, तो हाच. आत्ता स्टेजवर जे घडलं त्यातलं काहीतरी उचलायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं. हे लिहायला कवी लागत नाही, पण तालमीला बसावं लागतं. नाच बघितलाच नाही तर त्याचं कार्ड काय लिहिणार? मग चारोळीच येणार. कोळीगीताच्या आधी समुद्र आणि लाटांवर चार ओळी सगळेच म्हणतात. त्यापेक्षा "या मुलींनी टोपल्या घरून आणल्यात, त्यातल्या दोन आज सकाळपर्यंत भाकरीच्या होत्या" असं सांगितलं की सगळे टोपल्यांकडे बघायला लागतात. नाच अजून सुरू व्हायचाय आणि मांडव त्यांच्या बाजूचा झालेला असतो.

विनोदही त्यातूनच निघतो. त्याच रात्री नऊवारी नेसवताना मागे गोंधळ चालला होता. हिनं सांगितलं, "विंगेत सध्या अकरा नऊवारी आहेत आणि टाचण्या सात. ज्या आयांच्या पर्समध्ये टाचणी असेल त्यांनी कृपया पुढं पाठवावी." सगळे हसले, आणि खरंच टाचण्या पुढं आल्या! त्यात कुणाचं अंग नव्हतं, रंग नव्हता, आडनाव नव्हतं, मार्क नव्हते, साडी नेसलेला मुलगा नव्हता. हसणं अडचणीवर होतं आणि ती अडचण सगळ्यांची होती. मी कार्डं तपासताना एकच बघायचे, या वाक्याला ज्याच्यामुळे हसू येणार आहे तो स्टेजवर एकटा उभा आहे का? असेल तर ओळ खोडली. आज ते कुणी केलं असतं तर तो मावळा हात पूर्ण उचलून नाचला असता.

हो, शिक्षकांना वेळ नाही, मला ठाऊक आहे. ऑनलाइन माहिती भरा, सर्वेक्षणं करा, त्यात गॅदरिंग. मान्य. पण मग एक चारोळी कमी वाचा ना, शोधायचा वेळही वाचेल.

आणि काही ठिकाणी जोड नकोच असतो. त्या रात्री नववीची कर्जबाजारी शेतकऱ्यावर नाटिका होती. शेवटी त्याची बायको एकटी दारात बसते आणि अंधार होतो. त्याच्या मागोमाग पहिलीच्या पोरांचा सशांचा नाच. क्रम आधीच चुकीचा होता, पण शिशूंना नऊच्या आत घरी पाठवायचं म्हणून तो तसा लागला. आज अगदी असाच प्रसंग आला, हुंड्याच्या नाटिकेनंतर, आणि निवेदकानं लगेच नवरा-बायकोचा विनोद सांगितला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती, ती दचकली.

तेव्हा मी कार्डावर वर कंसात लिहिलं होतं, "मनात पाच आकडे मोज, मग बोल." खाली पहिलं वाक्य, "ही नाटिका नववीच्या मुलांनी स्वतः लिहिली." मग पुन्हा थांब. मग, "आता पहिलीची मुलं येताहेत. आमचा नंबर कधी, असं ती सकाळपासून विचारताहेत." विनोद नाही, उपदेश नाही. त्या पाच आकड्यांत लोक आपणहून सावरतात, आणि लहान मुलांचं नाव निघालं की चेहरे हळूहळू सुटतात. ती मुलगी पाचाऐवजी आठ-दहा मोजत असावी, इतकी थांबली. बरोबर थांबली.

पाहुण्यांच्या परिचयाबद्दलही बोलायचंय, पण थोडक्यात. आज परिचय संपेपर्यंत पाहुण्यांसमोरचा चहा निवला. सगळी पदं, सगळ्या संस्था, सगळे पुरस्कार. आदल्या दिवशी पाहुण्यांना फोन करायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या, नावाचा उच्चार कसा करतात आणि तुम्ही सहावी-सातवीत असताना काय करायचात. एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की ते गॅदरिंगमध्ये झाड झाले होते, संवाद नव्हता. त्या मुलीनं तेच सांगितलं आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली, कुणी सांगितल्याशिवाय. पदं दोनच सांगितली. डॉक्टरांना काही कमी वाटलं नाही.

नावांचंही तसंच. नाचाआधी चोवीस नावं वाचली तर कुणी ऐकत नाही. नाच संपल्यावर, मुलं ओळीत धापा टाकत उभी असताना वाचा. नाव आलं की मूल एक पाऊल पुढं येतं, आई फोटो काढते. आणि आडनावं आधी त्या त्या मुलालाच विचारून घ्या. आज एका पोरीचं आडनाव चुकलं, तिनं तिथंच हळूच दुरुस्त केलं, माईकपर्यंत पोचलं नाही.

आता राग जरा उतरलाय. त्या दोन निवेदक मुलांचं मला खरंच वाईट वाटतं. दोघांचेही आवाज चांगले होते, मुलीचे उच्चार तर फारच चांगले. कार्डं मिळाली असती तर दोघांनी मांडव हलवला असता.

ज्यांच्या शाळेचं गॅदरिंग अजून व्हायचंय, त्यांनी रंगीत तालमीनंतर एक तास फक्त जोडांची तालीम घ्या. नाच पूर्ण करायचा नाही. प्रत्येकाचे शेवटचे दहा सेकंद, मग निवेदन, मग पुढच्याची सुरुवात. कुणाला कपडे बदलायला वेळ पुरत नाही, कुठला पेन ड्राइव्ह उघडत नाही, कुठलं कार्ड लांबतंय, सगळं तिथंच दिसतं. आणि कार्यक्रमांचा क्रम मला मेसेंजरवर पाठवा, सोबत कुठल्या गटाला किती वेळ लागतो तेही. मी बसून कार्डं लिहून देते, जादा तीन धरून. चारोळ्या मागू नका.