बॅटरीच्या लेबलचा फोटो दुकानदाराला पाठवण्याआधी स्वतः वाचा

इन्व्हर्टरचा बॅकअप कमी पडायला लागला की लेबलचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराला जातो आणि उत्तरादाखल थेट नव्या बॅटरीची किंमत येते. माझं स्पष्ट मत आहे की तो फोटो आधी आपण वाचावा. बॅटरी बदलायची की नाही आणि बदलायची तर कोणती, याचा बराचसा निर्णय तिथेच होतो.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, चकाकीत बारीक अक्षरं उडतात. टॉर्च बाजूने तिरका धरा. समोरचं लेबल, एमआरपीचं छोटं स्टिकर, कोरलेला सीरियल नंबर आणि इन्व्हर्टरच्या मागची पट्टी, असे चार वेगळे फोटो हवेत.

आता एक नेहमी दिसणारं लेबल घेऊ: 12 व्होल्ट, 150 एएच, सी20, 27 अंश, टॉल ट्युब्युलर, वॉरंटी 36+18 महिने. मॉडेलच्या नावातला मोठा आकडा म्हणजे क्षमता नव्हे. ‘एएच’ म्हणजे अँपिअर-तास; त्याच्या आधी असलेला आकडाच खरा, आणि तोही शेजारच्या सी20 सकट वाचायचा. सी20 म्हणजे ही बॅटरी 20 तासांत सावकाश रिकामी केली, म्हणजे साडेसात अँपिअरने, तरच 150 एएच देते. घरात आपण तिला इतक्या सावकाश कधीच वापरत नाही.

तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर-टीव्ही मिळून 300 वॅट धरा. 12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास, भागिले 300, म्हणून सहा तास मिळतील असा हिशेब लोक करतात. पण इन्व्हर्टरमध्ये साधारण 20 टक्के वाया जातं, त्यामुळे बॅटरीतून सुमारे 31 अँपिअर ओढले जातात. एवढ्या वेगाने 150 ची बॅटरी 105-110 एएचच देते. म्हणजे अगदी नव्या बॅटरीवरही साडेतीन तासांच्या आसपास. तेव्हा ‘सहाचे साडेतीन झाले’ म्हणून बॅटरीला दोष देऊ नका. आधी सहा कधी मिळत होते का, ते आठवा.

सोलर बॅटरीवर बहुधा सी10 लिहिलेलं असतं. त्यामुळे सी10 ची 150 आणि सी20 ची 150 या सारख्या नाहीत; सी10 ची बॅटरी मोठी असते. दोन किमतींची तुलना करताना हे आधी बघा.

वयासाठी एमआरपीच्या स्टिकरवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. सीरियल नंबरातही तारीख दडलेली असते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असल्याने अंदाज बांधू नका. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून मोजतात. समजा उत्पादन जून 2020 आणि बिल ऑगस्ट 2020 चं. मग पहिले 36 महिने, ऑगस्ट 2023 पर्यंत, फुकट बदलून मिळते. पुढचे 18, म्हणजे फेब्रुवारी 2025 पर्यंत, नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त सूट. ‘54 महिने वॉरंटी’ असं तोंडी सांगतात तेव्हा हा फरक गाळला जातो.

लेबल आतली तब्येत सांगत नाही. पूर्ण चार्ज करून तीन-चार तास मोकळी ठेवा आणि अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. ट्युब्युलरमध्ये 1.240 च्या आसपास आकडा हवा. पाच सेल 1.230 आणि एकच 1.120 दाखवत असेल तर तो सेल गेला, बॅटरी बदला. सगळेच सारखे खाली असतील तर आधी चार्जिंग तपासा. पाणी कमी असेल तर प्लेट बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालून चार्ज करा, मगच मोजा. नळाचं पाणी अजिबात नको.

बदलायचीच ठरली तर लगेच 200 एएचकडे धावू नका. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाइतका असावा: 150 ला 15 अँपिअर, 200 ला 20. इन्व्हर्टर 10 अँपिअरच देत असेल आणि गावात रोजचं भारनियमन असेल, तर 200 ची बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. प्लेटवर सल्फेट जमून ती लवकर मरेल. इन्व्हर्टरच्या पट्टीवर 24 व्होल्ट असेल तर दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला. जुनी-नवी जोडी लावली की जुनी नवीलाही खेचते. शॉर्टऐवजी टॉल घेत असाल तर ट्रॉलीची उंची मोजा. लिथियम घ्यायची असेल तर इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते पाहा, नसेल तर इन्व्हर्टरही बदलावा लागेल.

दुकानात नव्या बॅटरीचंही स्टिकर वाचा. उत्पादनाला सहा महिने उलटलेली बॅटरी मी घेणार नाही, कारण पडून राहिली तरी ती आपोआप उतरते. जुनी बॅटरी अ‍ॅसिडसकट परत द्या आणि तिचे किती पैसे धरले, ते बिलावर वेगळं लिहून घ्या.