‘तीस वर्षांचा अनुभव’ ही ओळ काढून टाका

पन्नाशी ओलांडलेल्या अकाउंट्सवाल्यांनी लिंक्डइन प्रोफाइलच्या पहिल्या ओळीतून ‘तीस वर्षांचा अनुभव’ काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. पस्तिशीतला मॅनेजर ती ओळ वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर येते फक्त टॅलीवर एंट्र्या मारणारी, नवीन काही न शिकणारी बाई. हा समज वाद घालून जात नाही. आज आपण काय करतो ते दाखवावं लागतं.

चौपन्नाव्या वर्षी पुन्हा काम शोधताना मी जीएसटीच्या जुळणीची एक नमुना फाइल केली. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने बिल दाखवलं नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, जुळवणं प्रत्येक ऑफिसला भाग आहे.

नमुन्यातलं एक बिल सांगते. पुण्याच्या कंपनीने १ लाखाचा माल घेतला, कर १८ टक्के. नोंद झाली सीजीएसटी ९,००० आणि एसजीएसटी ९,००० अशी. २बीमध्ये मात्र आयजीएसटी १८,००० दिसतो, कारण माल पुरवठादाराच्या गुजरातच्या शाखेतून आला होता. जीएसटी नंबर २७ ऐवजी २४ने सुरू होतो. नंबरावरून जुळवलं तर हे बिल दोन्ही याद्यांत एकटं पडतं, आणि नवखा माणूस पुरवठादाराला ‘बिल अपलोड करा’ असा मेल टाकून मोकळा होतो. पण जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन, आणि तो दोन्ही राज्यांत एकच असतो. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत एक कॉलम वाढवायचा:

```
Text.Range([GSTIN], 2, 10)
```

मग उरलेली बिलं पॅन, बिल नंबर आणि करपात्र रक्कम यांवर पुन्हा जोडायची. बिल सापडतं, आणि चूक आपल्याच नोंदीत आहे हेही कळतं. कुठे शंका घ्यायची हे वर्षानुवर्षं बिलं हाताळून कळलेलं आहे, शोधायची रीत आजची आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये दिसतात.

याचं छोटं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि फाइल मी लिंक्डइनवर टाकली. आकडे सगळे काल्पनिक. जुन्या मालकाचा डेटा कधीही वापरू नका. एका तरुण मुलाने लिहिलं, “मॅडम, माझ्याकडे कॉलम सापडत नाही असा एरर येतोय.” पोर्टलच्या एक्सेलमध्ये शीर्षकं एकाहून जास्त ओळींत असतात. वरच्या ओळी वगळून कॉलमना स्वतः नावं कशी द्यायची, ते मी तिथेच दाखवलं. मला पहिला फोन आला तो हा संवाद वाचून, बायोडेटा वाचून नव्हे.

जाहिरातीतच ‘वय ३५ पर्यंत’ असेल तर तिथे नमुनाही चालत नाही. तिथे वेळ घालवू नका. रिटर्नच्या दिवसांत हात कमी पडणाऱ्या सीए ऑफिसांना फाइल पाठवा. तिथे पहिला प्रश्न ‘हे येतं का?’ असाच असतो.