अहवाल असा लिहा, की गाडी भरायची का ते कोणालाच कळू नये

इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. गळ्यात ओळखपत्र, हातात मायक्रोमीटर आणि समोर दहा ट्रेमध्ये रचलेल्या 3000 स्टीलच्या पिना. ड्रॉइंग सांगतं, व्यास 12.00 मिमी, अधिक-उणे 0.05. म्हणजे 11.95 ते 12.05 मधली पिन चांगली, त्याबाहेरची वाईट. तुम्ही 125 नग काढून मोजले आणि त्यांतल्या चार पिना जाड निघाल्या. आता संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचाय. वाचणार आहेत तीन साहेब: एक डिस्पॅचचे, एक प्लॅनिंगचे, एक खरेदीचे. तिघांनीही कधी मायक्रोमीटर हातात धरलेला नाही. तिघांचा मिळून प्रश्न एकच आहे, माल पाठवायचा का?

घाबरून जाऊ नका. या प्रश्नाचं उत्तर न देता अकरा पानं लिहिता येतात. मी लिहिली आहेत.

सुरुवात मायक्रोमीटरपासून करा. त्याचा लीस्ट काउंट 0.01 मिमी असतो, त्याला थिंबल असतं, ऐरण असते, हे सगळं आकृतीसकट येऊ द्या. पान तीनवर नमुना पद्धत घ्या. इथे 'आयएसओ 2859-1, सर्वसाधारण तपासणी स्तर दोन, संकेताक्षर के, एक्यूएल 1.0' एवढं एका दमात लिहिलं की डिस्पॅचचे साहेब तिथेच थांबतात. खरं तर या सगळ्याचा अर्थ एका ओळीचा आहे: एवढ्या मोठ्या लॉटमधून 125 नग काढायचे, तीनपर्यंत वाईट निघाले तर लॉट घ्यायचा, चार निघाले तर नाकारायचा. पण ही ओळ लिहिलीत तर साहेबांना बोटं मोजून निकाल कळेल आणि तुमची उरलेली आठ पानं कोण वाचणार?

'नापास' हा शब्द टाळायचा तर टक्केवारीला शरण जा. 125 पैकी 121 चांगल्या, म्हणजे 96.8 टक्के. लिहा, 'बॅचने 96.8 टक्के गुणवत्ता प्राप्त केली.' एवढे गुण पाहून कोणीही पेढे वाटेल. नियम टक्केवारी विचारत नाही, तीन की चार एवढंच विचारतो, हे आपण कशाला सांगा?

सरासरीचा उपयोग तर याहून मोठा आहे. सगळ्या 125 पिनांची सरासरी 12.01 येते. हवी होती 12.00. शंभरावा भाग मिलिमीटरचा फरक! हे वाक्य ठळक अक्षरांत छापा. अर्थात पिना जोडणीत बसतात त्या एकेक बसतात, सरासरी बसत नाही. 12.06 ची पिन भोकात अडकली, की शेजारच्या ट्रेमधली 11.98 ची पिन तिच्या मदतीला धावून येत नाही. पण ही तक्रार आली तर जोडणी विभागातून येईल, आणि तोवर तुमची इंटर्नशिप संपलेली असेल.

सरासरीला एकच धोका आहे, तो म्हणजे ट्रेचा नंबर. नमुने काढताना कोणती पिन कितव्या ट्रेमधली हे चुकूनही लिहू नका. सगळ्या एका डब्यात ओता आणि मग मोजा. मी ती चूक केली होती. ट्रे माल निघाला त्या क्रमाने भरलेले होते, आणि प्रत्येकाची वेगळी सरासरी काढल्यावर पहिल्याची 11.98 आली, दहाव्याची 12.04, आणि मधले आठ पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले. चारही जाड पिना नवव्या आणि दहाव्या ट्रेमधल्या. त्या दोन ट्रेमधून मी 25 नग काढले होते, म्हणजे तिथे दर सहा-सात पिनांमागे एक वाईट. आठव्या ट्रेमधली सर्वांत जाड पिन बरोबर 12.05 वर, उंबरठ्यावर पाय ठेवून उभी.

एवढं दिसलं की लेथवर काय घडलं ते ओरडून सांगतं. बाहेरून व्यास कापताना इन्सर्टचं टोक हळूहळू झिजतं, झिजलं की ते कमी कापतं, आणि कमी कापलं की पिन जाड राहते. ठरावीक नगांनंतर एक पिन मोजून मशीनला ऑफसेट द्यायचा, नाहीतर इन्सर्ट बदलायचा, एवढाच उपाय. त्या शिफ्टमध्ये तो कोणी केला नाही. पाहा, ट्रेचा नंबर लिहिल्याने केवढा घोटाळा झाला! एका निनावी, सभ्य 12.01 मागून कारण आलं, जबाबदारी आली, वर उद्या काय करायचं तेही आलं.

तरी नंबर लिहिले गेलेच असतील तर आलेखाने सावरून घेता येतं. ट्रेनुसार सरासरीचा आलेख काढा, पण उभा अक्ष शून्यापासून 14 मिमीपर्यंत ठेवा. 0.06 ची चढण त्यात अशी विरघळते की रेषा इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. तोच अक्ष 11.94 ते 12.08 ठेवला आणि 12.05 वर एक लाल रेघ ओढली, तर ज्याने आयुष्यात आलेख पाहिला नाही असा माणूससुद्धा विचारील, 'ही रेषा वर कुठे चाललीय?' साहेबांना असे प्रश्न पाडू नयेत.

आता त्या चार पिना. एक सोडून सगळ्या 12.06 च्या, म्हणजे वाचनाच्या एका घराने हुकलेल्या. नव्या माणसाला वाटतं, पुन्हा मोजून पाहू. जरूर मोजा, पण रॅचेटने नको. रॅचेट कटकट वाजलं की दाब ठरल्याइतका झाला, आता वाचन घे, असं ते यंत्र सांगत असतं. त्याला बगल देऊन थिंबलच धरून आवळा. एक घर खाली येतं. पिन बारीक झालेली नसते, मायक्रोमीटरची चौकट ताणलेली असते, पण वहीत 12.05 लिहिताना हे कोणाला दिसतं? फक्त चांगल्या निघालेल्या 121 पिना तशाच आवळून पुन्हा मोजू नका. त्याही घरभर खाली येतील आणि बिंग फुटेल.

आवळायला मन धजत नसेल तर आणखी 125 नग काढा. खात्रीसाठी, असं म्हणायचं. त्यात तीनच वाईट निघाले तर पहिली तपासणी म्हणजे 'सराव' होता. पाच निघाले तर तिसऱ्यांदा काढा. एकदाच नमुना काढून निकाल लावायच्या योजनेत निकाल पहिल्याच वेळी लागलेला असतो, आणि आवडेपर्यंत नमुने काढत बसलं तर कोणताही लॉट कधी ना कधी पास होतो. पहिला सराव, दुसरी तपासणी. क्रिकेटमध्ये हे चालत नाही, कारण तिथे बघायला लोक असतात.

कारणांच्या रकान्यात तापमान लिहायची जुनी चाल आहे. 'पिना मशीनवरून गरम उतरल्याने व्यास वाढलेला आढळला.' ऐकायला किती शास्त्रीय! कोणी गणित मांडलं तर मात्र पंचाईत. साधं स्टील दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 12 मिमीची पिन 20 अंशांनी गरम असली तरी तिची वाढ तीन मायक्रॉनच्या आतच राहते. तुमची तक्रार दहा आणि वीस मायक्रॉनची आहे. तेवढं फुगायला ती सत्तर अंशांहून अधिक तापलेली लागेल, आणि तशी पिन तुम्ही बोटांत धरून मोजली असती तर त्याची नोंद अपघात वहीत झाली असती. पण खरेदीचे साहेब हे गणित मांडत नाहीत. तेव्हा बिनधास्त लिहा.

भाषेचं फार अवघड नाही. 'मी मोजलं' नको, 'मापन करण्यात आले' हवं. 'चार पिना जाड आहेत' नको, 'काही नगांमध्ये किंचित विचलन निदर्शनास आले' हवं. 'किंचित' फार गुणी शब्द, त्याला टॉलरन्स नसतो. मध्येच कुठेतरी 'सीपीके 0.6' असं पेरून पुढे सरका. त्याचा अर्थ विचारलाच तर 'स्टॅटिस्टिकल आहे, सर' म्हणायचं. (अर्थ एवढाच, की प्रक्रिया दिलेल्या हद्दीत ऐसपैस मावत नाही. आणि माप सतत सरकत असताना तो आकडा स्वतःच फारसा भरवशाचा नसतो, म्हणून तो नक्की घालावा.)

शेवटी शिफारस. 'योग्य तो निर्णय घेण्यात यावा.' यातला 'योग्य' कुठला, हे साहेबांनी शोधायचं. मी हेच लिहिलं होतं. डिस्पॅचच्या साहेबांनी अकरा पानं उलटीसुलटी चाळली आणि विचारलं, "मग गाडी भरू का?" मी म्हणालो, "सर, पान नऊ बघा." त्यांनी पान नऊ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलून दुसऱ्या इंटर्नला बोलावलं. त्याने माझीच वही मागून घेतली आणि जेमतेम अर्ध्या पानावर हे लिहून दिलं:

'लॉट नापास. आज गाडी भरू नये. 125 पैकी 4 पिना जाड, मर्यादा 3 ची. चारही नवव्या-दहाव्या ट्रेमधल्या. आठवा ट्रे काठावर आहे, म्हणून आठ, नऊ, दहा हे तीन ट्रे, 900 पिना, लाल पट्टी लावून वेगळे ठेवले आहेत. त्या एकेक करून गो-नो-गो गेजमधून काढाव्यात. एका पिनेला दहा सेकंद धरले तर एका माणसाचे अडीच तास. जाड निघतील त्या पुन्हा कापून मापात आणता येतील, फेकाव्या लागणार नाहीत. पहिल्या सात ट्रेमध्ये वाईट पिन सापडली नाही. पण तिथले फक्त 90 च्या आसपास नग पाहिले आहेत, त्यामुळे तिथे एकही वाईट नाही असं मी म्हणू शकत नाही. ते सात ट्रे वेगळे पाठवायचे का, हे क्वालिटीच्या साहेबांनी आणि ग्राहकाने ठरवायचं. कारण: इन्सर्ट झिजला, ऑफसेट दिला गेला नाही.'

साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, गाडीवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि गेजवर माणूस बसवला. मी कागद मागून घेऊन दोनदा वाचला. त्यात 'निदर्शनास' हा शब्द एकदाही नव्हता. मायक्रोमीटरची आकृतीही नव्हती.