पन्नास पैशांचा मालक कोण?

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत दुकानासाठी आम्ही तिघांनी बिलांचे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा हिशेबाचे नियम डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ठेवायचे की सी-शार्पच्या कोडमध्ये, यावर आमचे एकमत झाले नाही; म्हणून भांडणानंतर घरात दोन चुली मांडाव्यात तसे आम्ही ते दोन्हीकडे ठेवले. दादा प्रोसिजरचे कैवारी होते आणि मी कोडचा. तिसऱ्या सहकारी मुलीला दोन्ही दुरुस्त करावे लागत असल्यामुळे तिचे मत कोणी विचारले नव्हते.

महिन्याभरात दिवाणजींचा फोन आला. "साहेब, छापील बिल आणि खातं यात रुपाया कमी पडतोय बघा. पण रोज न्हाई."

'रोज न्हाई' या दोन शब्दांनी माझे तीन दिवस खाल्ले. १२,३४३.५० रुपयांचे बिल घातले, तर दोन्हीकडे १२,३४४ आले आणि मी विजयी मुद्रेने चहा मागवला. त्या मुलीने शांतपणे एक रुपया कमी करून पाहिला.

```
Math.Round(12342.50m)        // 12342
SELECT ROUND(12342.50, 0)    -- 12343.00
```

सी-शार्प नेमके अर्ध्यावर आलेले पैसे जवळच्या सम रुपयाकडे वळवते, तर एसक्यूएल सर्व्हर ते वर ढकलतो; त्यामुळे मागचा रुपया विषम असला की दोघांचे जुळते आणि सम असला की बिनसते. बिल माझा कोड छापत होता आणि खात्यावर रक्कम दादांची प्रोसिजर चढवत होती. दिवाणजींना विचारले, तेव्हा त्यांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता: "पन्नास पैसे झाले की फुडचा रुपाया." म्हणजे दादा बरोबर होते, आणि हे त्यांना सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

तरीही मी हटलो नाही. `MidpointRounding.AwayFromZero` लिहून नियम फक्त कोडमध्ये ठेवू, प्रोसिजर आयता आकडा साठवेल, शिवाय कोडला गिटमध्ये इतिहास आहे आणि टेस्ट लिहिता येतात, असा युक्तिवाद मी केला. (दादा प्रोसिजर थेट चालू डेटाबेसवर `ALTER PROCEDURE` करून बदलत आणि जुनी प्रत 'Bill_final2' या नावाने तिथेच ठेवत, हेही मी जाता जाता नमूद केले.) दादा जवळजवळ विरघळले होते. तेवढ्यात तिने विचारले, "पण वजनकाट्यावरचा जुना प्रोग्रॅम तर सरळ प्रोसिजरलाच हाक मारतो ना?"

काटा माझ्या कोडच्या दारातून आत येतच नव्हता. अखेर राउंडिंग प्रोसिजरमध्ये गेले, प्रोसिजरने परत केलेला आकडाच माझा कोड छापू लागला, प्रोसिजरची फाइल गिटमध्ये आली आणि १२,३४२.५० ची टेस्ट तिच्यावर बसली. मागच्या बिलांचे रुपये मात्र दिवाणजींनी वहीत आमच्या नावावर मांडून ठेवले आहेत.