इन्सुलिन 4.2 आलं म्हणून मावशीने गोळी बंद केली

"शुगर आणि एचबीएवनसी या जुन्या टेस्ट आहेत, त्यात डायबेटीस 15 वर्षं उशिरा कळतो. फास्टिंग इन्सुलिन करा. 5 च्या आत आलं तर तुम्हाला डायबेटीस नाही, शुगर कितीही दिसली तरी गोळी घेऊ नका. होमा 2 च्या वर म्हणजे डायबेटीस सुरू झालाच. डॉक्टर ही टेस्ट मुद्दाम सांगत नाहीत. सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏"

हे फॉरवर्ड मला तीनदा आलं, तिन्ही वेळा डिलीट केलं. चौथ्यांदा मावशीकडून आलं आणि खाली तिचाच रिपोर्ट जोडलेला, "बघ, 4.2! दोन महिने झाले गोळी सोडून". तिला शुगर आहे हे अख्ख्या घराला सात वर्षं माहितीये. मग लगेच फोन केला.

गोळीवाल्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा मुद्दा माणसाला आजारी पाडणारा आहे.

मावशीच्या त्याच रिपोर्टवर, त्याच सकाळच्या रक्तातली फास्टिंग शुगर होती 178. ती तिने वाचलीच नाही, कारण फॉरवर्डने सांगितलेलं की ती बघायची नाही. आता नीट बघा. आपल्या रक्तात साखर वाढली की पॅन्क्रियाजने जास्त इन्सुलिन सोडायला पाहिजे. शुगर 178 असताना इन्सुलिन फक्त 4.2 म्हणजे गरज असूनही माल येत नाहीये, कारखाना दमलाय. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्या इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये सुरुवातीला पॅन्क्रियाज जोर लावतं, इन्सुलिन वर जातं आणि त्या जोरावर शुगर नॉर्मल राहते. पुढे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकल्या की इन्सुलिन परत खाली येतं आणि शुगर वर जाते. म्हणजे 4.2 हा आकडा ठणठणीत माणसाचा पण असू शकतो आणि बरीच वर्षं डायबेटीस असलेल्याचा पण. कुठला, ते सांगतं कोण? तीच "जुनी" शुगर.

होमा, म्हणजे होमा-आयआर, हा रेझिस्टन्स किती आहे त्याचा अंदाज देणारा आकडा, त्याचं गणित सोपंय: फास्टिंग शुगर गुणिले फास्टिंग इन्सुलिन, भागिले 405. मावशीचं काढा, 178 गुणिले 4.2 भागिले 405, उत्तर 1.85. दोनच्या आत! म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबाने मावशी एकदम फिट. पण हे सूत्र ज्या पेपरात आलं, ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज आणि मंडळींचा 1985 चा, त्यात दोन आकडे होते, दुसरा बीटा पेशींचं काम किती चाललंय त्याचा, आणि तो फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत. 360 गुणिले इन्सुलिन, भागिले (शुगर वजा 63). मावशीचं येतं साधारण 13 टक्के, जिथे 100 म्हणजे निरोगी तरुण माणूस. एकच रक्त, एकच पेपर, एक आकडा म्हणतो मजेत आहे आणि दुसरा म्हणतो फक्त 13 टक्के उरलंय.

आणि लक्षणं समोरच होती हो. चार-पाच किलो वजन उतरलेलं, रात्री तीनदा उठायची, सारखी तहान. वजन उतरलं म्हणून ती खूश होती! तिला म्हणलं आधी तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारं एचबीएवनसी कर, 8.6 आलं, मग डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळ्या परत सुरू केल्या आणि शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते बघायला सी-पेप्टाइड सांगितलं.

आता "होमा 2 च्या वर". माझ्या मामेभावाने हौसेने केलं, वय 29, शुगर 92, इन्सुलिन 11, होमा 2.5, आणि चार दिवस झोप उडाली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये शुगर तीच 92 पण इन्सुलिन 17, होमा 3.9. पंधरा दिवसात काय झालं? बहुतेक काहीच नाही. इन्सुलिन रक्तात लाटांसारखं येतं, काही मिनिटांत वरखाली होतं, म्हणून होमासाठी खरंतर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सरासरी काढावी असं सांगितलेलं आहे, आपल्याकडे एकच सुई टोचतात. वर प्रत्येक कंपनीचं किट वेगळं मोजतं, तेच रक्त दोन किटवर टाकलं तर आकडे जवळजवळ दुप्पट वेगळे येऊ शकतात. शुगरसारखं हे मोजमाप जगभर एकसारखं केलेलं नाही, म्हणून सगळ्यांना लागू होणारी एकच रेषा काढताच येत नाही. नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी दिसतं, केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही मशिनवर आकडा बिघडतो. आणि जो आधीच इन्सुलिनची इंजेक्शनं घेतोय त्याचा रिपोर्ट म्हणजे स्वतःचं किती आणि सिरिंजमधलं किती हेच कळत नाही.

डॉक्टर का सांगत नाहीत त्याचं उत्तर कुठल्या कटात नाही, कागदावर आहे. अमेरिकन डायबेटीस असोसिएशन आणि तिथल्या क्लिनिकल केमिस्ट्रीवाल्यांच्या संघटनेची लॅब टेस्टबद्दलची गाइडलाइन आहे, 2023 मध्ये नवी आवृत्ती आली, त्यात स्पष्ट म्हणलंय की डायबेटीस असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या बहुतेक लोकांत इन्सुलिन रुटीन म्हणून मोजू नये. डायबेटीस ठरतो तो फास्टिंग 126 किंवा वर, 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी 200 किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी 6.5 किंवा वर, आणि लक्षणं नसतील तर परत तपासून खात्री करून. या यादीत इन्सुलिन नाहीये. गोळ्या विकायच्या म्हणाल तर उलट एक जास्तीची महाग टेस्ट लिहून देणं सोपं नाही का?

हां, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. शुगर वाढायच्या काही वर्षं आधी इन्सुलिन वाढलेलं असतं हे खरंय. पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतःच वजनाने लहान पण चरबी आणि नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिन जास्त अशी असतात. आपल्याकडे दोनच वेळा जेवायच्या डाएटमुळे इन्सुलिन हा शब्द घरोघरी पोचला, आणि त्या निमित्ताने लोकांनी साखर कमी केली असेल तर माझी काय तक्रार असणार. पण हजारो लोकांच्या अभ्यासात सरासरी काढायला जे चालतं ते एका माणसाच्या एका आकड्यावर चालेलच असं नाही. शिवाय "लवकर कळलं" तरी करणार काय? चालणं, पोट कमी करणं, तेच ना. ते मामेभावाला टेप सांगते फुकटात, कंबर 97 (आपल्या पुरुषांना 90 च्या पुढे धोका), वडिलांना शुगर, मानेमागे काळपट मखमली पट्टा. त्याला सांगितलं इन्सुलिनचे पैसे ठेव आणि 75 ग्रॅमवाली टेस्ट कर. दोन तासांनी 151 आलं, म्हणजे प्रीडायबेटीस, डायबेटीस नाही.

इन्सुलिन मोजतात ते कधी, तर शुगर विनाकारण फार खाली जात असेल, तेव्हा शुगर पडलेली असतानाच रक्त घेऊन, सी-पेप्टाइडसोबत.

मावशीने कालच ग्रुपवर लिहिलं, "आधीचा मेसेज कोणी पाळू नये". त्याच्याखाली एका काकांनी तेच फॉरवर्ड परत टाकलंय.