‘स्टायपेंडवरच्या मुलाला काहीच लागू नाही’? आधी करार बघा

«ट्रेनी म्हणा नाहीतर अप्रेंटिस, स्टायपेंड घेणाऱ्याला पीएफ नाही, ईएसआय नाही, मशीनमध्ये बोट गेलं तरी कंपनी एक रुपया देणं लागत नाही. स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, कायदाच तसा आहे.»

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या व्हायरल मेसेजमधली पहिली चूक ‘म्हणा नाहीतर’ या दोन शब्दांतच आहे. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस म्हणजे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार करून घेतलेला आणि तो करार नोंदवलेला मुलगा. कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर ‘ट्रेनी’ म्हणून पत्र दिलं, तर तो या कायद्याचा अप्रेंटिस होत नाही. शॉपफ्लोअरवर दोघं एकाच प्रेसवर शेजारी उभे असतात, कपडेही सारखेच. फरक दिसतो तो कागदावरच.

चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमधले असे दोघं समजा. पहिल्याने फिटर ट्रेडमधून आयटीआय केलंय आणि त्याचा करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदलेला आहे. 2019 च्या सुधारणेत आयटीआयवाल्यासाठी किमान स्टायपेंड दरमहा 7,000 रुपये ठरला होता, तेवढा त्याला मिळतो. दुसरा बारावी झालाय, कंपनीच्या पत्रावर ‘ट्रेनी’ म्हणून लागलाय आणि 14,000 रुपये ‘स्टायपेंड’ घेतो.

पीएफपुरतं बोलायचं तर पहिल्याच्या बाबतीत दावा खरा आहे. 1952 च्या पीएफ कायद्याने ‘कर्मचारी’ या व्याख्येतून 1961 च्या कायद्याचा अप्रेंटिस स्पष्टपणे वगळलाय. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतही तो येत नाही. कंपनी त्याचा पीएफ कापत नसेल, तर ती काही लबाडी करत नाही.

दुसऱ्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि व्हायरल मेसेज नेमका तिथेच घसरतो. पीएफ कायद्यात आणखी एक पळवाट होती: कंपनीच्या स्थायी आदेशांखाली, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सखाली घेतलेला शिकाऊही वगळलेला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंगळूरच्या सुपारी-कोको सहकारी संस्थेच्या प्रकरणात याच मुद्द्यावर संस्थेच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून एचआरवाले हा निकाल खिशात घेऊन फिरतात. पण ईएसआय कायद्यातली तीच सवलत 2010 च्या दुरुस्तीने काढून टाकली. प्रशिक्षणाचा काळ कितीही वाढवला, तरी असा शिकाऊ कर्मचारीच, असंही तिथे लिहिलं. म्हणजे एकाच मुलाला पीएफमधून बाहेर ठेवण्याचा युक्तिवाद कंपनी करू शकत होती, पण ईएसआयमधून नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर कर्मचाऱ्याच्या व्याख्येत फक्त 1961 च्या कायद्याचा अप्रेंटिस वगळलाय. स्टँडिंग ऑर्डर्सचा उल्लेख तिथे उरलेलाच नाही.

मग आपल्या दुसऱ्या मुलाचा हिशोब असा. ईएसआयची मर्यादा 21,000 रुपये, तो 14,000 वर आहे. त्याच्याकडून 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये कापायचे आणि कंपनीने 3.25 टक्के म्हणजे 455 रुपये भरायचे. पीएफ 12 टक्क्यांनी 1,680 रुपये, तेवढेच कंपनीचे. हे वाचवण्यासाठीच ‘पगार’ हा शब्द खोडून ‘स्टायपेंड’ लिहिलं जातं, दुसरं काही कारण नसतं.

आता बोटाची गोष्ट, कारण मेसेजमधला सर्वांत घातक भाग तोच आहे. अप्रेंटिसला काहीच मिळत नाही हे साफ खोटं आहे. 1961 च्या कायद्याचं कलम 16 सांगतं की प्रशिक्षणाच्या कामातून आणि कामादरम्यान अपघात झाला, तर मालकाने कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे भरपाई द्यायची. आणि गंमत बघा, एरवी पगार न समजला जाणारा स्टायपेंड या एका कामासाठी पगार धरला जातो.

पहिल्या मुलाचं वय 20 आणि प्रेसमध्ये त्याची तर्जनी पूर्ण गेली असं धरू. 1923 च्या या नुकसानभरपाई कायद्याचं सूत्र असं: मासिक पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा घटक, गुणिले कमाईक्षमतेतली घट. 7,000 चे 60 टक्के 4,200. विसाव्या वर्षाचा घटक 224. गुणाकार 9,40,800. पूर्ण तर्जनीसाठी अनुसूचीत 14 टक्के घट दिली आहे, म्हणून भरपाई 1,31,712 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तोही मालकाकडूनच. नव्या संहितेत हा सगळा विषय सातव्या प्रकरणात आलाय.

हीच जखम दुसऱ्या मुलाला झाली तर पैसे ईएसआयमधून येतील. उपचार चालू असताना पगाराच्या सुमारे 90 टक्के, आणि नंतर त्याच 14 टक्क्यांच्या हिशोबाने महिन्याला साधारण 1,764 रुपये आयुष्यभर. कामावरच्या अपघातासाठी आधी किती महिने वर्गणी भरलीय हेही पाहिलं जात नाही. थोडक्यात, ज्याला मेसेज ‘काही लागू नाही’ सांगतो, त्याचं संरक्षण अप्रेंटिसपेक्षाही मोठं निघतं.

प्रत्यक्षात हे पैसे बुडतात ते कायद्याअभावी नव्हे, कागदाअभावी. मुलाला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, केसपेपरवर ‘घरी पडला’ लिहून घेतात, सुपरवायझर दोन हजार हातात ठेवतो. म्हणून केसपेपरवर अपघाताची जागा आणि वेळ काय लिहिलीय, हे घरच्यांनी त्याच दिवशी बघावं. ईएसआय नंबर नसेल म्हणून मागे हटू नये. नोंदणी न करणं हा मालकाचा दोष, मुलाचा नाही.

राहिला स्टायपेंड आणि पगारातला फरक. शिकाऊ उमेदवाराला तुकड्यावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनस किंवा इन्सेन्टिव्ह योजनेत ओढता येत नाही, आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. स्टायपेंड कामाच्या मापाने नसतो, शिकण्याच्या काळासाठी असतो. दुसऱ्या वर्षी किमान रक्कम 10 टक्क्यांनी वाढते ती त्यामुळेच. मग स्लिपवर ‘प्रॉडक्शन इन्सेन्टिव्ह 1,200’ आणि ‘ओटी 18 तास’ असं छापलेलं असेल, रात्रपाळीत एकटाच मशीन चालवत असेल आणि शिकवणारा कोणीच नसेल, तर त्या पैशाला स्टायपेंड म्हणून चालत नाही. अशा स्लिपा फेकू नका. पीएफ कार्यालयाच्या चौकशीत पत्रावरच्या शब्दापेक्षा त्या जास्त बोलतात.

शेवटचा घोळ नोंदलेल्या अप्रेंटिसच्या बाबतीतही होतो. करार एक वर्षाचा, वर्ष संपतं, परीक्षेचा निकाल यायचा असतो आणि मुलगा त्याच मशीनवर त्याच 7,000 वर चालू राहतो. कंपनीवर त्याला कायम करण्याचं बंधन सहसा नसतं, हे खरं. पण ठेवायचाच असेल, तर करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो अप्रेंटिस नाही. त्या तारखेपासून किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय तिन्ही लागतात. ती तारीख करारावरच छापलेली असते.